फोटोओळ की पुलकोट? लांब लेखातल्या एका रिकाम्या जागेचा निर्णय

लेख कात्रजच्या नळावरचा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत आणि शनिवारवाड्यापर्यंत कसं आणलं, त्याची सविस्तर हकिकत. साडेतीन हजार शब्द, दिवाळी अंकाची आठ पानं आणि चार फोटो. मांडणी करणाऱ्या मुलाने पाचव्या पानाचं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं. "ताई, हे पान नुसतं मजकुराने भरलंय. इथे एक फोटो घेऊ, की एखादं वाक्य मोठं करून लावू?"

लांब लेखाचं संपादन करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा पान कसं दिसतं यावरच तो सुटतो. फोटो असला की फोटो, नसला की एक गोंडस वाक्य. पण ही दोन्ही साधनं वाचकाला वेगवेगळ्या गोष्टी देतात. फोटोओळ लेखात नसलेली माहिती देऊ शकते. पुलकोट ती देऊ शकत नाही, कारण तो लेखातलंच वाक्य उचलून मोठं करतो. त्याचं काम निवडीचं आहे: एवढ्या शब्दांतलं कोणतं विधान लेखाचा भार पेलतं, हे तो दाखवतो. हा फरक नीट लक्षात घेतला की कोणती जागा कशाला द्यायची हे बरंचसं ठरतं.

आधी फोटोओळ. आमच्याकडच्या चारपैकी एक फोटो उच्छ्वासाचा, म्हणजे नळातल्या हवेला वाट देणाऱ्या मनोऱ्याचा होता. रस्त्याकडेला उभा असलेला दगडी मनोरा, वरून विजेच्या तारा गेलेल्या, बाजूला एक दुचाकी टेकवलेली. लेखकाने खाली लिहून पाठवलं होतं: "पुण्याच्या वैभवशाली इतिहासाचा मूक साक्षीदार." ही ओळ शनिवारवाड्याच्या दरवाजाखाली चालेल, पर्वतीच्या पायऱ्यांखाली चालेल, कुठल्याही जुन्या दगडाखाली चालेल. म्हणून ती इथे नको. मी फोटोओळ तपासते ती अशी: ओळ उचलून दुसऱ्या फोटोखाली ठेवायची. तिथेही ती शोभली, तर ती सजावट आहे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची: "रस्त्याच्या कडेला असलेला दगडी मनोरा." हे तर डोळ्यांना दिसतंच आहे. फोटोओळीचं काम डोळा जिथे थांबतो तिथून पुढे सुरू होतं. या फोटोकडे पाहणाऱ्याला हे तुळशीवृंदावन किंवा कुणाची तरी समाधी वाटण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा पहिलं वाक्य त्या गैरसमजावरच खर्च करायला हवं. आम्ही छापलेली ओळ अशी होती:

"ही समाधी नव्हे, कात्रजच्या नळाचा उच्छ्वास आहे. नळात कोंडलेल्या हवेला वाट मिळावी आणि आत उतरून गाळ पाहता यावा, म्हणून वाटेत असे मनोरे बांधले. नळ याच्या खालून गेला आहे. त्याच्यावरच आज रस्ता आहे."

तीस-पस्तीस शब्दांत तीन गोष्टी झाल्या: ही वस्तू काय आहे, ती का आहे, आणि फोटोत न दिसणारा भाग कुठे आहे. शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते वाचून वाचक पुन्हा फोटोकडे बघतो आणि आता त्याला डांबराच्या खाली काहीतरी दिसतं. मूळ लेखात हे वाक्य नव्हतं आणि तिथे ते हवंही नव्हतं. ते त्या फोटोचं आहे.

जुन्या फोटोंच्या बाबतीत ओळीवर आणखी एक जबाबदारी येते, ती काळाची. पुण्यातल्या कितीतरी घरांत पानशेतच्या पुराचे फोटो आहेत आणि त्यांच्या मागे सहसा "१२ जुलै १९६१" असंच लिहिलेलं असतं, कारण धरण फुटलं तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. एका अंकासाठी माझ्याकडे असाच फोटो आला. त्यात रस्त्यावर पाणी नव्हतं. चिखलाचा थर होता आणि ओट्यावर गाद्या वाळत घातलेल्या होत्या. म्हणजे पाणी ओसरून गेलं होतं आणि ऊनही पडलं होतं. मागची तारीख फोटोची नव्हती, घटनेची होती. आम्ही ओळीत "पूर ओसरल्यावर" एवढंच लिहिलं आणि भिंतीवरच्या ओलीच्या रेषेकडे बोट दाखवलं: पाणी तिथपर्यंत चढलं होतं. फोटोवरून जेवढं सिद्ध होतं तेवढंच ओळीत यावं. फोटो केव्हाचा आहे हे लिहिलं नाही, तर वाचक तो लेखातल्या तारखेचाच समजतो.

फोटोओळीची मर्यादाही इथेच कळते. ती फोटोला बांधलेली असते. नळ कुणी बंद पाडला, देखभाल का थांबली, असले वाद तिच्यात कोंबले की ती सहा ओळींची होते, आणि वाचकाला कळत नाही की आपण फोटो बघतोय की लेखाचं शेपूट वाचतोय. पंचेचाळीस शब्दांच्या पुढे जायचा मोह झाला, तर ती माहिती बहुधा लेखाची किंवा वेगळ्या चौकटीची असते.

आता पुलकोट. याच लेखासाठी मांडणीच्या मुलाने एक वाक्य निवडून ठेवलं होतं: "पुण्याच्या पोटातून आजही एक हरवलेलं शहर वाहतं आहे." कानाला छान लागतं. पण काय वाहतं, कुठे, किती? लेखाने तसं काही सिद्ध केलेलं नव्हतं. लेखकाने ओघात लिहून टाकलेलं ते वाक्य होतं. परिच्छेदात ते पुढच्या-मागच्या वाक्यांच्या आधाराने उभं राहतं. मोठ्या टायपात एकटं लावलं की ते दावा बनतं, आणि या दाव्याला पुरावा नव्हता.

पुलकोटसाठी मी लेख पुन्हा वाचते आणि असं वाक्य शोधते ज्याच्याशी एखादा जाणकार वाचक भांडू शकेल, किंवा जे वाचून "असं कसं?" असं विचारावंसं वाटेल. या लेखात ते वाक्य पाणी चढवण्याच्या संदर्भात होतं. मूळ वाक्य होतं: "म्हणूनच ते इथवर आलं ते उताराने, कुठल्याही यंत्राने नव्हे."

यात मराठीची स्वतःची अडचण आहे. आपली वाक्यं आधीच्या वाक्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात: म्हणूनच, तेव्हा, हे, ते, इथवर. परिच्छेदात ही लकब गोड वाटते, पण उचलून बाहेर काढल्यावर वाक्य अधांतरी लोंबतं. ते काय? इथवर म्हणजे कुठवर? कंसात शब्द घालून दुरुस्ती करता येते, पण मोठ्या टायपात कंस फार खुपतो. पुलकोटमध्येच परस्पर शब्द बदलणंही बरोबर नाही, कारण मग तो लेखातला राहत नाही. मी लेखकाला फोन केला आणि लेखातलंच वाक्य बदलून घेतलं: "कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आलं ते निव्वळ उताराने, वाटेत कुठेही पाणी उपसावं लागलं नाही." परिच्छेदाचं काही बिघडलं नाही आणि वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

एका धोक्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. "नळ देखभालीअभावी बंद पडला, असं काही अभ्यासक मानतात," या वाक्यातला मागचा तुकडा मराठीत शेवटी येतो आणि जागा कमी पडली की नेमका तोच कापला जातो. उरतं ते "नळ देखभालीअभावी बंद पडला." मत होतं, त्याची वस्तुस्थिती झाली. मुलाखतीतल्या माणसाचं वाक्य असेल, तर हा त्याच्यावर अन्यायच आहे. पूर्ण वाक्य मावत नसेल तर दुसरं वाक्य घ्यावं. वाक्य कापून बसवू नये.

पडद्यावर वाचणाऱ्यासाठी गणित थोडं बदलतं. छापील पानावर पुलकोट स्तंभाच्या बाजूला बसतो. फोनवर एकच स्तंभ असतो, त्यामुळे तो थेट वाचनाच्या वाटेत येतो आणि मूळ वाक्य जवळच असेल तर तेच दोनदा वाचावं लागतं. म्हणून फोनसाठी दोघांमध्ये निदान चार-पाच परिच्छेदांचं अंतर ठेवावं, नाहीतर तिथे पुलकोट काढून टाकावा. वेबपानाच्या HTML रचनेत पुलकोटला `aside` हा टॅग द्यावा. `blockquote` बाहेरून घेतलेल्या उताऱ्यासाठी असतं आणि हे वाक्य बाहेरचं नाही. फोटोओळ `figcaption` मध्ये जाते. फोटो न दिसणाऱ्या वाचकासाठीचं वर्णन `alt` मध्ये वेगळं लिहावं लागतं. "रस्त्याच्या कडेला असलेला दगडी मनोरा", जे आपण ओळीतून काढलं, ते तिथे अगदी योग्य ठरतं.

आता निर्णयाकडे. पाचव्या पानावर उतार, हवा आणि गाळ यांचं स्पष्टीकरण होतं. लेखातला सगळ्यात अवघड भाग तोच. तिथे उताराचा पुलकोट लावला असता, तर शेजारच्याच परिच्छेदात तेच वाक्य पुन्हा आलं असतं, आणि वाचकाला गरज होती ती वस्तू डोळ्यांनी पाहण्याची. उच्छ्वासाचा फोटो मात्र तिसऱ्या पानावर बसवलेला होता. तिथे तलावाची आणि पेशव्यांच्या खर्चाची गोष्ट चालली होती, उच्छ्वास हा शब्दही अजून आलेला नव्हता. म्हणजे फोटो आणि त्याचा विषय यांच्यात दोन पानांचं अंतर पडलं होतं.

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याचा फोटोही पाचव्या पानावर घेता आला असता. सोळा पाकळ्यांचं ते कारंजं सुंदर आहे आणि पाकळ्या मोजायला सांगणारी ओळ मी लिहूनही ठेवली होती. पण त्या फोटोत आज दिसतं ते कोरडं दगडी कमळ. पाणी तिथवर कसं आलं, हे त्यातून कळत नाही. तो सातव्या पानावर, वाड्याच्या वर्णनापाशीच ठेवला.

"मग अदलाबदल करूया," मी त्या मुलाला म्हटलं. उच्छ्वासाचा फोटो ओळीसकट पाचव्या पानावर आला. तिसऱ्या पानावर रिकाम्या झालेल्या जागी उताराचं वाक्य गेलं. तिथे वाचकाला अजून उत्तर माहीत नव्हतं. पंप नसताना एवढ्या लांबून पाणी कसं आलं असेल, हा प्रश्न घेऊन तो दोन पानं पुढे जाणार होता आणि पाचव्या पानावर त्याला मनोरा भेटणार होता. मुलाने चौथं पान एकदा तपासलं, तिथे काहीच मोठं नाही म्हणून थोडा घुटमळला, आणि मग ते तसंच राहू दिलं.