चार बिलं, प्रत्येक पन्नास हजारांच्या आत: खजिनदार म्हणून कमिटीला लिहिलेलं पत्र

आमची सोसायटी मुलुंडची. दोन विंग, प्रत्येकी सात मजले, एकूण ४२ फ्लॅट. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, आणि त्या कामात अध्यक्षांनी सोसायटीला फसवलं असं माझं स्पष्ट मत आहे. हे प्रकरण मी खजिनदार म्हणून व्यवस्थापक समितीपुढे लेखी मांडलं. आपल्याकडेही अशाच फायली असतील, त्या कशा वाचायच्या हे कळावं म्हणून सगळं इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्या बँक खात्यावर सचिवांची सही आणि तिच्यासोबत अध्यक्ष किंवा खजिनदार यांपैकी एकाची सही चालते. बहुतेक सोसायट्यांत हीच पद्धत असते. म्हणजे सचिव आणि अध्यक्ष यांनी ठरवलं तर खजिनदाराला न विचारता चेक बाहेर जाऊ शकतो. आमचे सचिव वयस्कर आहेत, सज्जन आहेत, आणि अध्यक्षांनी पुढे केलेल्या कागदावर सही करतात. एप्रिल-मेमध्ये चार चेक असेच गेले. जूनमध्ये बँक स्टेटमेंट व्हाउचरशी ताडून पाहताना मला ते दिसले.

चारही चेक एकाच ठेकेदाराच्या नावाचे. रकमा ४८,६७५, ४८,९९९.५०, ४८,३५०.५० आणि ४९,३२४. एकूण १,९५,३४९ रुपये. आमच्या उपविधींप्रमाणे २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत दुरुस्तीवर एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च समिती स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यावर गेलात की सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. आता गच्ची एक, काम एक, ठेकेदार एक, दर एक. मग बिलं चार का, आणि चारही पन्नास हजारांना टेकून का? पहिलं बिल २२ एप्रिलचं आणि शेवटचं २८ मेचं. पण बिल नंबर बघितले तर ११, १२, १३, १४. पाच आठवडे या ठेकेदाराने मुंबईत दुसऱ्या कुणालाच बिल दिलं नाही, असं मानायचं का? माझ्या मते चारही बिलं एका बैठकीत फाडली आणि तारखा नंतर टाकल्या.

मी गाठीशी पुरावा घेऊनच बोलायचं ठरवलं. अध्यक्षांशी तोंडी बोललो असतो तर फाईल दुसऱ्या दिवशी बदलली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून आधी चारही बिलं आणि व्हाउचर यांचे फोटो काढले आणि मग दोन तपासण्या केल्या.

पहिली तपासणी जीएसटी क्रमांकाची. हे कुणालाही घरबसल्या करता येतं. services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये जाऊन Search by GSTIN/UIN निवडायचं आणि बिलावरचा १५ अक्षरी क्रमांक टाकायचा. त्यासाठी लॉगिन लागत नाही. व्यवसायाचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं समोर येतं. आमच्या ठेकेदाराच्या क्रमांकापुढे Cancelled असं होतं, आणि नोंदणी रद्द झाल्याची तारीख होती आदल्या डिसेंबरची. म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्याला जीएसटी लावायचा अधिकारच नव्हता, तरी चारही बिलांवर १८ टक्के मिळून २९,७९९ रुपये आकारले होते. आणि कायदेशीर नावाच्या रकान्यात होतं अध्यक्षांच्या मेहुण्याचं नाव. बिलावर फक्त दुकानाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी तपासणी टेपची. बी विंगमधले सिव्हिल इंजिनिअर काका निवृत्त आहेत, त्यांना घेऊन एका रविवारी गच्चीवर गेलो. ए विंग ४८ बाय २४ फूट, म्हणजे १,१५२ चौरस फूट. बी विंग ४४ बाय २४, म्हणजे १,०५६. जिन्याच्या केबिनखाली लपलेली जागा आणि केबिनच्या छताचं क्षेत्र सारखंच येतं, त्यामुळे ते वजा-बेरीज करायची गरज नव्हती. काकांनी सांगितलं, ‘‘कठड्याला जी नऊ इंच उंचीची गोलाई घेतली आहे, ती मोजायलाच हवी. नाहीतर तो म्हणेल तुम्ही माझं काम खाल्लं.’’ २८० फूट परिघाला पाऊण फूट, म्हणजे २१० चौरस फूट. सगळं धरून २,४१८. चार बिलांत लिहिलेलं क्षेत्र मात्र ७५०, ७५५, ७४५ आणि ७६०, एकूण ३,०१०. ५९२ चौरस फूट गच्ची अस्तित्वातच नव्हती. ५५ रुपये दर आणि वर जीएसटी धरला तर तिचे सुमारे ३८,४०० रुपये आम्ही भरले.

हे हातात आल्यावर पत्र लिहिलं. ते अध्यक्षांच्या नावे न लिहिता संपूर्ण समितीच्या नावे लिहिलं. सचिवांकडे देऊन सोसायटीच्या आवक नोंदवहीत नंबर पाडून घेतला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घेतली. पत्राचा मुख्य भाग असा:

‘‘मा. व्यवस्थापक समिती सदस्य,

विषय: गच्ची वॉटरप्रूफिंगच्या खर्चातील अनियमितता.

महोदय/महोदया, वरील कामाची चार देयके मी खजिनदार या नात्याने तपासली. एकच काम चार देयकांत विभागल्याने सर्वसाधारण सभेची मंजुरी टळली आहे. फाईलमध्ये तुलनात्मक कोटेशन्स नाहीत, कार्यादेश नाही, मोजमाप पत्रक नाही. देयकांवरील जीएसटी नोंदणी आधीच रद्द झालेली असून संकेतस्थळावरील नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. ठेकेदार हे अध्यक्षांचे नातेवाईक आहेत. हे समितीपुढे उघड केल्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. प्रत्यक्ष मोजणीत क्षेत्र २,४१८ चौ. फूट भरते, देयकांत ३,०१० चौ. फूट दाखवले आहे. प्रत्येक देयक ३०,००० रुपयांवर असूनही टीडीएस कापलेला नाही. ती जबाबदारी संस्थेची आहे.

माझी विनंती अशी: हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, चर्चेच्या वेळी अध्यक्षांनी सभेचे अध्यक्षस्थान सोडावे, त्रयस्थ अभियंत्याकडून फेरमोजणी करून घ्यावी, आणि निर्णय होईपर्यंत या ठेकेदारास कोणतेही देयक अदा करू नये.’’

या पत्रात ‘भ्रष्टाचार’, ‘चोरी’ असा एकही शब्द मी ठेवला नाही. पहिल्या मसुद्यात होते, काकांनी काढायला लावले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आरोपाचा शब्द लिहिला की चर्चा त्या शब्दावर होते आणि आकडे बाजूला राहतात. शिवाय बदनामीची नोटीस यायला वेळ लागत नाही.

सभा झाली. अध्यक्षांचं पहिलं वाक्य होतं, ‘‘काम झालं की नाही? गळती थांबली की नाही?’’ गळती थांबली होती, हे मी मान्य केलं. दुसरा मुद्दा आला की पावसाळा तोंडावर होता, तातडीचं काम होतं, सभा बोलवायला वेळ कुठे होता. त्यावर मी बिलांच्या तारखा वाचून दाखवल्या. काम तातडीचं असेल तर पाच आठवडे दीड-दोन आठवड्यांनी एक बिल कसं? या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर आलं नाही. मेहुण्याच्या नावावर ते म्हणाले, ‘‘घरचा माणूस म्हणून स्वस्तात केलं.’’ स्वस्त की महाग हे ठरवायला दुसरं कोटेशन लागतं, तेच तर फाईलमध्ये नव्हतं.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो इतर सदस्यांच्या गप्प बसण्याचा. वर्षानुवर्षं गणपतीत एकत्र आरती करणारी माणसं टेबलाकडे बघत राहिली. शेवटी ‘झालेला खर्च कायम करण्यात येत आहे’ असा ठराव बहुमताने झाला.

इथे प्रत्येक समिती सदस्याला माहीत हवी अशी कायद्याची तरतूद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. म्हणजे उद्या वसुली निघाली तर ‘मी काही बोललोच नव्हतो’ हे म्हणून सुटता येत नाही. सभेला हजर असलेल्यांपैकी सुटतो तो फक्त विरोध नोंदवणारा. त्याचा विरोध इतिवृत्तात नोंदवावा लागतो, आणि ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांत तो आपली विरोधाची टिप्पणी थेट निबंधकांना लेखी कळवू शकतो. मी दोन्ही केलं. सचिव इतिवृत्त लिहायला बसले तेव्हा शेजारी उभं राहून माझा विरोध कारणांसह लिहून घेतला. नंतर ‘चर्चा झाली’ एवढंच लिहून विरोध गायब होतो, हे मी दुसऱ्या सोसायट्यांत ऐकलं आहे. चौथ्या दिवशी टिप्पणी उपनिबंधक कार्यालयात देऊन पोच आणली. हे कळल्यावर दोन सदस्य संध्याकाळी घरी आले आणि आपलाही विरोध लिहायचा होता म्हणाले. तोवर ठरावावर त्यांच्या सह्या होत्या.

पत्राची प्रत मी लेखापरीक्षकांनाही दिली होती. त्यांनी अहवालात बिलांची विभागणी, रद्द जीएसटी क्रमांक आणि न कापलेला टीडीएस हे तिन्ही दोष घेतले. लेखापरीक्षणात दोष निघाले की समितीला ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, तिथे ‘कायम करण्यात आले’ असं लिहून भागत नाही. अहवाल आल्यावर तीन आठवड्यांत ठेकेदाराकडून जादा क्षेत्राच्या पैशांचा चेक आला. जीएसटीचे २९,७९९ रुपये अजून आलेले नाहीत. टीडीएस मात्र संस्थेने आपल्या खिशातून, उशिराच्या व्याजासकट भरला. ते व्याज अध्यक्षांकडून घ्यावं असं मी सप्टेंबरच्या वार्षिक सभेत लेखी मांडलं. अध्यक्षांनी त्याच सभेत राजीनामा दिला, पण वसुलीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. उपनिबंधकांकडचा माझा अर्ज प्रलंबित आहे.

त्याच वार्षिक सभेत आणखी एक ठराव मंजूर झाला: २५,००० रुपयांवरच्या प्रत्येक चेकवर सचिव, अध्यक्ष आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या. ठरावाची प्रमाणित प्रत बँकेत दिली आहे आणि बँकेने खात्यावर तशी सूचना नोंदवल्याचं पत्र फाईलला लावलं आहे.