पुराचं पाणी, बंद इंजिन आणि अपवादाचं कलम: सोपं वाक्य की प्रसंगांची यादी?

कारच्या पॅकेज पॉलिसीत पूर समाविष्ट असतो. पण अपवादांच्या यादीत एक ओळ असते: 'परिणामी होणारे नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक वा विद्युत बिघाड यांसाठी कंपनी जबाबदार राहणार नाही.' जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तशा वेळी ग्राहकाला या ओळीतून काय कळणार? ती समजावणारं माहितीपत्रक दोन प्रकारे लिहिता येतं.

पहिला प्रकार, सोपं वाक्य: 'पुराने झालेलं नुकसान मिळेल, पण पाणी शिरल्यावर गाडी सुरू केल्याने इंजिन बिघडलं तर तो खर्च मिळणार नाही.' हे छोटं आहे, मेसेजमध्ये मावतं आणि पावसाळ्याआधी पाठवायला उत्तम. पण चालत्या गाडीचं काय, हे त्यात नाही.

दुसरा प्रकार, प्रसंगवार यादी:

'गाडी पार्किंगमध्ये उभी होती. सीट, कार्पेट, वायरिंग भिजलं: मिळेल, घसारा आणि सक्तीची वजावट कापून.
पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला, इंजिन जॅम झालं: मिळणार नाही. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन घेतलं असेल तर त्याच्या अटींनुसार मिळेल.
पाण्यातून जाताना इंजिन बंद पडलं: …'

तिसरी ओळ लिहिताना पेन अडतं, आणि मला हा प्रकार त्यासाठीच जास्त पटतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नुसत्या बुडालेल्या इंजिनात ऑइलमध्ये पाणी शिरतं, गंज चढतो, पण रॉड सरळ राहतो. म्हणून वाकलेला रॉड दिसला की नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला कळतं, पाणी आत असताना इंजिन फिरलं होतं. मात्र ते मालकाने नंतर फिरवलं की रस्त्यातच पाणी ओढलं गेलं, हे रॉड सांगत नाही. वाद इथेच होतात. सोप्या वाक्यात हा प्रश्न झाकला जातो, यादीत मात्र कंपनीला उत्तर आधी ठरवावं लागतं.

यादीचा धोकाही आहे. जे लिहिलं नाही ते मिळेलच, असं ग्राहक धरून चालतो. शेवटी 'इत्यादी' लिहून तो टळत नाही, उलट संदिग्ध शब्दाचा अर्थ सहसा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. त्याऐवजी सरळ लिहा: 'यात नसलेल्या प्रसंगांना वरचं मूळ कलम लागू.' मूळ कलम शब्दशः वर ठेवा. एजंट वा ब्रोकरला ते बदलता येत नाही आणि पत्रकातून अपवाद वाढवताही येत नाही.

एकच निवडायचा असेल तर मी यादी घेईन. छापण्याआधी ती विम्यात काम न करणाऱ्या कुणाला तरी द्या, सोबत नावं झाकलेली जुनी गॅरेज बिलं द्या आणि प्रत्येकावर 'मिळेल' किंवा 'नाही' लिहायला सांगा. ज्या बिलावर त्यांचं उत्तर क्लेम खात्यापेक्षा वेगळं येईल, ती ओळ पुन्हा लिहा.