कुरडयांचे चाळीस खोके आणि ४८२ किलोचं बिल

कुरडई वजनाला काहीच नसते. ती फक्त जागा खाते. माझा सगळा घोळ याच दोन वाक्यांत आहे, पण ते कळायला मला एक बिल भरावं लागलं.

मी नाशिकची. बचत गटाच्या बायकांकडून उन्हाळ्यात कुरडया, शेवया, नागलीचे पापड करून घेते आणि दुबईतल्या एका किराणा व्यापाऱ्याला पाठवते. या वेळी चाळीस खोके होते, प्रत्येकी साडेसहा किलो, म्हणजे एकूण २६० किलो. विमानानं पाठवायचे ठरले. मुंबईच्या एका फॉरवर्डरनं, म्हणजे आपला माल विमान कंपनीकडे पोचवून देणाऱ्या मधल्या एजंटानं, ‘सगळं धरून किलोला ११० रुपये’ असं कोटेशन दिलं. गिऱ्हाइकाशी भाव भाड्यासकट ठरलेला, त्यामुळे भाडं वाढलं तर ते माझ्याच खिशातून जाणार होतं.

विमानाचं भाडं नुसत्या काट्यावरच्या वजनावर लागत नाही, एवढं मला माहीत होतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, सहा हजारानं भागायचं, जे येईल ते आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. त्यालाच चार्जेबल वेट म्हणतात, आणि ते वरच्या अर्ध्या किलोला पूर्ण करतात. माझा खोका ४५ × ३५ × ३० चा. चाळीस खोक्यांचे ३१५ किलो, म्हणजे ३४,६५० रुपये. जीएसटी वेगळा. माल कसारा घाट उतरून सहारला विमानतळाच्या कार्गो टर्मिनलवर गेला, दुबईला पोचला, गिऱ्हाइकाचा निरोपही आला.

मग बिल आलं: चार्जेबल वेट ४८२ किलो, रक्कम ५३,०२० रुपये.

फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, टर्मिनलला जे माप निघतं तेच लागतं. तुमच्या पॅकिंग लिस्टवर कोणी जात नाही.” यात तथ्य आहे, हे आधीच सांगते. खोका फुगलेला असेल तर फुगवट्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजतात. पण मी ४८२ चा उलटा हिशेब केला. सहा हजारानं गुणून चाळीसनं भागलं, तर एका खोक्याचे ७२,३०० घनसेंटीमीटर आले. माझा खोका ४७,२५० चा. खोका फुगतो, मान्य, पण दीडपट?

मापं लेखी मागितली. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर तीन आकडे आले: ४८ × ३८ × ३३. त्यांचीच मापं घेऊन सहा हजारानं भागलं तरी ४०१.५ च होतात. पाच हजारानं भागलं की बरोबर ४८२. पाच हजाराचा भाजक कुरिअरवाल्यांचा. विमान कंपनीच्या साध्या मालाला सहा हजार चालतो, आणि कोटेशन तर एअर फ्रेटचं होतं. पण भाजक किती, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

भांडायला बसण्याआधी गोदामात उरलेला एक रिकामा खोका मी चिकटपट्टी मारून बंद केला आणि टेपनं मोजला. आला ४६ × ३६ × ३२. दोनदा मोजलं. खोकेवाल्यानं दिलेलं ४५ × ३५ × ३० हे आतलं माप होतं. बाजूंना पुठ्ठ्याची जाडी एकेक सेंटीमीटर वाढवते, आणि वर-खाली झाकणाच्या पाकळ्या एकावर एक येतात म्हणून उंची दोन सेंटीमीटर वाढते. ऐकायला काहीच नाही, पण चाळीस खोक्यांचे झाले ३५३.५ किलो. म्हणजे साडेअडतीस किलोची चूक माझीच. ती लपवून पत्र लिहिलं असतं तर पहिल्या उत्तरातच तोंडावर आपटले असते.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘तक्रार सात दिवसांत लेखी’ असं होतं. सहाव्या दिवशी मेल केला. त्यांचा हिशेबनीस मराठी, म्हणून मराठीतच:

“महोदय, आपल्या बिलातील ४८२ किलो हे चार्जेबल वेट मला मान्य नाही. पॅकिंग लिस्टमध्ये मी खोक्याचे आतले माप दिले, ही माझी चूक. बाहेरचे माप ४६ × ३६ × ३२ असून त्यानुसार ३५३.५ किलो होतात. त्याचे ३८,८८५ रुपये व त्यावरील जीएसटी आज भरत आहे. उरलेल्या १२८.५ किलोचे, म्हणजे १४,१३५ रुपयांचे दोन भाग आहेत. एक, आपण पाच हजाराने भागले आहे. एअर फ्रेटच्या कोटेशनला हा भाजक कोणत्या आधारे लावला ते कळवावे. दोन, ४८ × ३८ × ३३ हे माप कोणी, कुठे घेतले, त्याची टर्मिनलची नोंद पाठवावी. आपणच काढलेल्या हाउस एअर वेबिलवर ३१५ किलो आहेत. माल निघाल्यानंतर माप वाढले असेल, तर ते मला बिलाआधी का कळवले नाही? दुरुस्ती क्रेडिट नोटनेच करावी.”

शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. क्रेडिट नोट म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा लेखी कागद. नाहीतर ‘पुढच्या बिलात वळतं करू’ म्हणतात, आणि मग पुढचं बिल कुठल्या वजनावर येईल ते कोण पाहणार? शिवाय क्रेडिट नोट नसली की जीएसटीचा हिशेब जुन्या बिलाप्रमाणेच राहतो.

हाउस एअर वेबिल ही फॉरवर्डरची स्वतःची मालपावती. विमान कंपनीनं फॉरवर्डरला दिलेलं मूळ वेबिलही मी मागितलं. ते देत नाहीत, कारण त्यात अनेकांचा माल एकत्र असतो. खरी मेख तिथेच आहे. माझ्या हलक्या कुरडया आणि दुसऱ्या कुणाचे जड नट-बोल्ट एकाच वेबिलवर गेले, की विमान कंपनीला ज्याचं भाडं भरायचं ते एकूण वजन कमी होतं आणि मधला फरक फॉरवर्डरचा. तो त्यांचा धंदा आहे, त्याला माझी हरकत नाही. पण त्यावर आणखी माझं मापही फुगवायचं?

चार दिवस सन्नाटा. मग फोन: “ताई, एवढ्याशा रकमेसाठी संबंध कशाला बिघडवता? पुढचा माल आहे ना?” मी म्हटलं, लेखी पाठवा. आठवड्यानं ८,८५५ रुपयांची क्रेडिट नोट आली. पाच हजाराचा भाजक त्यांनी गुपचूप मागे घेतला, चूक झाली असा शब्दही न लिहिता. मापाबद्दल मात्र हटले नाहीत. टर्मिनलची नोंद त्यांनी दिली नाही, आणि गेलेल्या खोक्यांचा पुरावा माझ्याकडे नव्हता. टेम्पोत भरतानाचे फोटो होते, पण त्यांत खोके दिसतात, टेप दिसत नाही. उरलेले ५,२८० रुपये मी भरले.

आता कोटेशनमध्ये ‘भाजक ६०००’ लिहून आल्याशिवाय मी माल देत नाही. टेम्पो लागायच्या आधी खोक्याला तिन्ही बाजूंनी टेप लावून फोटो काढते, मार्किंग दिसेल असा, आणि तो त्याच दिवशी फॉरवर्डरला मेल करते. गेल्या आठवड्यात अंबडच्या खोकेवाल्याकडे नवीन ऑर्डर द्यायला गेले. त्यानं नेहमीसारखं विचारलं, “माप तेच ना, पंचेचाळीस-पस्तीस-तीस?” मी पर्समधून टेप काढली.