रेफरन्स लिस्टच्या सवयी: सहा-सात महिने वापरून झाल्यावर

जुलैत आमच्या शनिवारच्या ग्रुप मीटिंगला एका सिनियर मॅडमनी वीस मिनिटांचा टॉक दिला होता, पेपर पाठवायच्या आदल्या रात्री रेफरन्स साफ करत बसायला लागू नये म्हणून वर्षभर काय करायचं यावर. खरं सांगतो, मी अर्धं लक्ष चहाकडे ठेवून ऐकलं. पण मागच्या जानेवारीत माझी जी वाट लागली होती ती आठवली आणि म्हटलं करून बघू.

मागच्या जानेवारीत काय झालेलं, इकडे अख्खं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत आणि मी लॅबमध्ये. गॅस सेन्सरचा पेपर, ६१ रेफरन्स. रेफरन्स सांभाळायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत होतोच, पण लिस्टमधल्या चुका थेट वर्डच्या पानावर दुरुस्त करत बसलो, कुठे SnO2 मधला 2 खाली घे, कुठे पान नंबर टाक, असं दोन तास. मग इंट्रोमध्ये एक सायटेशन राहिलं होतं ते टाकलं आणि सगळी लिस्ट परत जशीच्या तशी, चुकांसकट! ती लिस्ट झोटेरो दरवेळी आपल्या लायब्ररीतून नव्याने बनवतो, वर्डमध्ये हाताने केलेलं त्याला माहितीच नसतं. मॅडमचा पहिला मुद्दा हाच होता, चूक दिसली की वर्डला हात लावायचा नाही, लायब्ररीत जाऊन दुरुस्त करायची आणि मग वर्डमध्ये Refresh. फॉर्म्युल्याचं पण तसंच, Title च्या खान्यात असं लिहायचं:

```
SnO<sub>2</sub>
```

एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक पेपरात आपोआप 2 खाली येतो. ही एक गोष्ट सोडून बाकी काही केलं नसतं तरी टॉक वसूल होता.

दुसरी सवय, पेपर सेव्ह केला की लगेच उजवीकडचे खाने बघायचे. टायटल, लेखक, व्हॉल्यूम, पानं, डीओआय. मिनिटभराचं काम आहे पण पहिले दोन महिने जाम कंटाळा आला, आणि घाईत पाच-सहा टॅब उघडे असले की अजूनही राहतं.

तरी यात एक गोष्ट सुटतेच, कारण सेव्ह करताना ती चूक नसतेच मुळी. माझ्याकडे एक पेपर होता, मी घेतला तेव्हा नुसता ऑनलाइन आलेला, म्हणजे व्हॉल्यूम नाही, पानं नाहीत, वर्ष २०२२. नंतर तो २०२३ च्या अंकात गेला. मधल्या काळात मी विसरून तोच पेपर परत सेव्ह केला. झालं, ड्राफ्टमध्ये एकच पेपर १४ नंबरला पण आणि ३७ ला पण, वर्षं वेगळी, त्यामुळे नजरेतच येईना. सापडला कसा, तर लिस्टमध्ये १४ ला पान नंबरच नव्हते. आपल्याकडे व्हॉल्यूम-पानं नसलेली एंट्री दिसली की तो पेपर आता अंकात गेलाय का बघायचं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. (काही जर्नलमध्ये पानांऐवजी आर्टिकल नंबर असतो, तिथे उगाच घाबरू नका.)

इथे मी जुनी एंट्री डिलीट करणार होतो, तेवढ्यात मॅडमचं आठवलं, डिलीट नाही, Merge करायचं. डिलीट केली तर वर्डमधल्या १४ चा लायब्ररीशी संबंध तुटतो, मर्ज केलं तर झोटेरो लक्षात ठेवतो की ही दोन्ही एकच. Duplicate Items मध्ये दोन्ही दिसल्या, व्हॉल्यूम असलेली एंट्री मुख्य म्हणून निवडली, मर्ज, Refresh. ३७ गायब, पुढचे नंबर आपोआप सरकले. दुसरी एंट्री नसेल तर वरच्या जादूच्या कांडीत डीओआय टाकून ताजी माहिती ओढायची आणि जुनीबरोबर मर्ज करायची. आता महिन्यातून एकदा Duplicate Items उघडतो, दोन-तीन तरी निघतातच. पण एक ध्यानात ठेवा, एकाच ग्रुपचे सारख्या नावाचे दोन खरे वेगळे पेपर पण तिथे जोडीने येऊ शकतात, डीओआय जुळल्याशिवाय मर्ज दाबू नका.

एक गोष्ट मात्र टॉकमध्ये नव्हती आणि तिनेच सगळ्यात जास्त छळलं. आमचे सर फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून करेक्शन करतात आणि परत वर्ड करून पाठवतात. त्यात सगळी सायटेशन साधा मजकूर होऊन जातात, मग कितीही Refresh करा, ढिम्म हलत नाही. डिसेंबरमध्ये एकदा चाळीसेक सायटेशन परत एकेक करून टाकली. आता सरांना कॉपी पाठवतो आणि त्यांची करेक्शन माझ्या मूळ फाइलमध्ये हाताने घेतो. सर चिडतात की माझीच फाइल पुढे का नाही वापरत, पण इलाज नाही.

या जानेवारीत दुसरा पेपर गेला, ५४ रेफरन्स, शेवटच्या दिवशी लिस्टला वीसेक मिनिटं लागली, ती पण जर्नलच्या नावांचे शॉर्टफॉर्म बघण्यात. संध्याकाळी गड्ड्यावर होतो.