होम स्क्रीनवरचे ईमेल विजेट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्याने आलेली पत्रे ॲप न उघडता दिसावीत, म्हणून मी अँड्रॉइड फोनच्या होम स्क्रीनवर इनबॉक्सचे विजेट लावले. पहिले दोन महिने ते उत्तम चालले. नंतर एका बुधवारी दुपारी त्यात सर्वांत वरचे पत्र मंगळवारी रात्री ११.४० चेच होते, आणि पाणीकपातीची सकाळी आलेली सूचना त्यात नव्हती.

आधी मला सिंकचीच शंका आली, परंतु ॲप उघडले तेव्हा ते पत्र तिथे आधीपासून होते. दोष नेमका कुठे आहे, हे ओळखण्याची हीच खूण मला सर्वांत उपयोगी वाटली. ॲपमध्येही पत्र नसेल तर सिंक अडलेले असते. ॲपमध्ये असून विजेटमध्ये नसेल तर विजेटचे चित्र जुने राहिलेले असते. विजेट म्हणजे चालू ॲपचा तुकडा नव्हे. ॲपने पाठवलेले दृश्य लाँचर, म्हणजे होम स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, दाखवत राहतो, आणि ॲपने नवे दृश्य पाठवले नाही तर जुनेच समोर राहते, त्यामुळे ते बिघडल्याचे पटकन लक्षातही येत नाही.

विजेट काढून पुन्हा लावले की यादी ताजी होई, फोन बंद करून सुरू केला तरी होई, कारण या दोन्ही वेळी प्रणाली ॲपकडे नवे दृश्य मागते. मात्र दोन दिवसांत पुन्हा तेच घडे. अखेर सेटिंग्जमध्ये पाहिले, तेव्हा त्या ॲपचा बॅटरी वापर ‘Restricted’ वर होता आणि फोनमधला क्लीनर रोज रात्री पार्श्वभूमीतली ॲप बंद करत होता. क्लीनरच्या यादीतून ॲप वगळले, बॅटरी वापर ‘Unrestricted’ केला, आणि त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत विजेट गोठले नाही. बॅटरी किंचित लवकर उतरते, ते मला मान्य आहे. ॲप ‘Force stop’ करण्याची सवयही मी सोडली, कारण तसे केल्यावर आपण ते स्वतः उघडेपर्यंत त्याला पार्श्वभूमीत कामच करता येत नाही. लाँचरचा डेटा पुसण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी मुद्दाम मानला नाही, कारण त्याने होम स्क्रीनची सगळी मांडणी जाते.

एक मर्यादा मात्र उरली आहे. विजेटला ठरावीक वेळाने आपोआप ताजे करण्याची जी सोय प्रणाली देते, तिच्यातला किमान अवधी ३० मिनिटांचा आहे. त्याहून लवकर बदल हवा असल्यास पत्र येताच ॲपनेच तो पाठवावा लागतो. माझे ॲप तसे बहुधा करते, पण रात्रभर फोन निश्चल पडून राहिला की सकाळची पहिली यादी कधी कधी मागे असते, आणि म्हणून तातडीच्या पत्रासाठी मी आजही ॲपच उघडतो.