चालत्या माणसावर नावाची पट्टी: हातानं कीफ्रेम की ट्रॅकर?

गड्डा यात्रेतला शॉट घ्या, नंदीध्वज पेलणारा एक जण चालतोय आणि त्याच्या डोक्यावर नाव हवंय. आठ सेकंद, 25 एफपीएस म्हणजे 200 फ्रेम.

कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर हातानंच करा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला नावाची जागा ठरवून कीफ्रेम, मग मधे, मग जिथं नाव सुटतंय तिथं अजून एक, काम झालं. पण शॉट हातातला असेल तर हे चालतच नाही, कारण दोन कीफ्रेमच्या मधे नाव सरळ रेषेत सरकतं आणि चित्र मात्र हलत असतं, त्यामुळं नाव तरंगल्यासारखं दिसतं.

तिथं आफ्टर इफेक्ट्सचा ट्रॅकर घ्या. ट्रॅक पॉइंटचा आतला चौकोन ठळक खुणेवर, बाहेरचा शोधायच्या जागेपुरता. खूण मात्र नीट निवडा हं. सगळेच पांढऱ्या बाराबंदीत, त्यामुळं नुसता कपडा धरला की पॉइंट शेजारच्यावर उडी मारतो, आणि नंदीध्वजाची काठी धरली तर वर-खाली घसरतो कारण ती सगळीकडं सारखीच दिसते. चेहरा आणि कपड्याची कड जिथं मिळते तो भाग धरा. ट्रॅक नल ऑब्जेक्टला, म्हणजे चित्रात न दिसणाऱ्या लेयरला द्या, नाव त्याला पॅरेंट करा, म्हणजे नाव नंतर हवं तिथं सरकवता येतं.

पॉइंट एकदम लांब गेला की समजा चुकलं. मागं जाऊन चौकोन परत बसवा, पुढं अ‍ॅनलाइज करा. मधे कोणी आडवं आलं तर तेवढ्या फ्रेम हातानंच, ट्रॅकरला दिसतच नाही तर धरणार काय?