गाडीतला वायरलेस चार्जर : दहा महिने वापरल्यानंतर

गाडी घेतली तेव्हा गिअरच्या पुढच्या खाचेत वायरलेस चार्जर कंपनीकडूनच बसवून आला होता. कागदावर १५ वॅट. मी पुण्यात रोज ऑफिसला जाण्यासाठी आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला गावी जाण्यासाठी गाडी वापरतो. पहिले तीन महिने मी या चार्जरवर वैतागलो होतो. पुण्याहून ४० टक्क्यांवर निघालेला फोन दोन तासांनी साताऱ्यात ४६ टक्क्यांवर असायचा आणि हातात घेतला की चटका बसायचा. स्क्रीनवर मात्र सगळा वेळ चार्जिंगचं चिन्ह.

फोन तापतो, हळू चार्ज होतो आणि जागेवरून सरकतो, या मला तीन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या. मूळ एकच निघालं. पॅडच्या आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं आणि फोनच्या पाठीतही तसंच एक असतं. ती दोन्ही नेमकी समोरासमोर आली तरच वीज नीट पोहोचते. फोन थोडा बाजूला गेला की तो जास्त वीज मागतो, पॅड जोर लावतं आणि वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. बॅटरी तापली की फोन स्वतःला जपण्यासाठी चार्जिंग कमी करतो, कधी पूर्ण थांबवतो. म्हणून चिन्ह दिसत राहतं आणि टक्के हलत नाहीत.

हे माझ्या लक्षात आलं ते बायकोच्या फोनमुळे. त्याच खाचेत तिचा फोन माझ्यापेक्षाही हळू चार्ज व्हायचा. एका रविवारी गाडी सावलीत उभी करून पट्टी घेऊन बसलो. फोन खालून वर सावकाश सरकवला. चार्जिंग सुरू झालं तेव्हा आणि तुटलं तेव्हा फोनचा मध्य जिथे होता, त्या दोन्ही जागा पेन्सिलने टिपल्या. त्यांचा मध्य म्हणजे पॅडचं वेटोळं. ते खाचेच्या खालच्या कडेपासून साधारण ८.२ सेंटीमीटरवर निघालं. बहुतेक फोनमध्ये वेटोळं पाठीच्या मध्याजवळ असतं. माझा फोन कव्हरसकट १६.६ सेंटीमीटर लांब, म्हणजे मध्य ८.३ वर, उभ्या दिशेने तो बरोबर बसत होता. बायकोचा १४.७, मध्य ७.३ ते ७.४ वर. तो जवळजवळ ८ मिलिमीटर खाली बसत होता. तिच्या फोनखाली तेवढ्याच जाडीची फोमची पट्टी ठेवली आणि त्या दिवसापासून तिची तक्रार संपली. पट्टी फोमची किंवा रबरचीच घ्यावी, धातूची नको.

माझा फोन आडवा सरकत होता. खंबाटकी घाटाच्या वळणांवर चार्जिंग सुरू झाल्याची थरथर पुन्हा पुन्हा व्हायची. ही खूण ओळखून ठेवा : प्रवासात फोन परत परत थरथरत असेल तर तो जागा सोडतोय. रबरी चटईवर धूळ बसून तिची पकड गेली होती. ओल्या फडक्याने ती पुसली आणि दोन्ही बाजूंना फोम चिकटवला. आता आठवड्यातून एकदा पुसतो.

नंतर कव्हरकडे वळलो. माझं कव्हर जाड होतं आणि त्यात ऑफिसचं कार्ड ठेवायची सवय होती. कार्ड आधी काढलं, कारण चार्जरमुळे अशी कार्डं खराब होऊ शकतात, शिवाय वेटोळ्यांमधलं अंतरही वाढतं. मग पातळ कव्हर घेतलं. मॅग्नेट स्टँडसाठी मागे लोखंडी पत्रा चिकटवलेला असेल तर तो काढल्याशिवाय पॅड वापरू नका. एकदा पार्किंगचे सुटे परत घेताना एक नाणं खाचेत पडलं आणि वरून फोन ठेवला गेला. पॅडचा दिवा लाल लुकलुकायला लागला. फोन उचलला तर नाणं चांगलंच गरम होतं.

जागा आणि कव्हर सुधारल्यावर त्याच रस्त्याने, फोनवर मॅप चालू ठेवून, साताऱ्यात ४० वरून ६७ टक्के झाले. आधी सहा, आता सत्तावीस. मॅप चालू असताना स्क्रीनही उष्णता देते, म्हणून आता मॅप गाडीच्या स्क्रीनवर घेतो आणि फोनची स्क्रीन बंद ठेवतो.

उन्हाळ्याला मात्र यातला कोणताच उपाय पुरत नाही. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्याबरोबर फोन पॅडवर ठेवला तर चार्जिंग लगेच थांबतं. मी आधी दहा-पंधरा मिनिटं एसी चालवतो, गाडी आतून गार झाली की मगच फोन ठेवतो. माझ्या पॅडखाली हवेची सोय नाही. नवी गाडी घेत असाल तर पॅडला एसीची थंड हवा मिळते का, हे शोरूममध्ये आवर्जून विचारा.

आणि बॅटरी २० टक्क्यांखाली असताना लांब निघायचं असेल, तर मी सरळ केबल लावतो. तेव्हा पॅडची वाट बघत नाही.